ऑफिसबाहेरून काम, मान्य उपकरणं आणि हरवलेला फोन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नमस्कार सगळ्यांना,

ऑफिसबाहेरून कंपनीचा मेल, फाइली आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरण्याचे नवे नियम परवाच्या मेलमध्ये कळवले होते. त्यानंतर बऱ्याच जणांनी मला गाठून शंका विचारल्या. सगळ्यांना एकच उत्तर मिळावं म्हणून ती इथे लिहून काढतो आहे. सगळं वाचायला आत्ता सवड नसेल तर निदान "फोन हरवला, आता पहिलं काय करू?" हा प्रश्न आजच वाचा. बाकीचं निवांत वाचलंत तरी चालेल.

नियम थोडक्यात काय आहे?

कंपनीचं काम फक्त मान्य उपकरणावरूनच करायचं. त्या उपकरणावर कंपनीच्या खात्यात शिरताना पासवर्डसोबत ऑथेंटिकेटर ॲपमधला कोड लागेल. आणि ते उपकरण हरवलं, चोरीला गेलं किंवा सापडत नसलं, तर लगेच फोन करून कळवायचं, वेळ रात्रीची असो की सुट्टीची.

'मान्य उपकरण' म्हणजे नेमकं कोणतं?

ज्याची आमच्याकडे नोंद आहे आणि ज्यावरची कंपनीची माहिती आम्हाला लांबून काढून घेता येते, ते मान्य. फोन कंपनीने दिलेला असो की तुमचा स्वतःचा, अट तीच. नोंद करण्याआधी आम्ही चार गोष्टी बघतो: स्क्रीन लॉक किमान सहा आकडी आहे का, फोन बनवणाऱ्या कंपनीकडून सुरक्षा अपडेट अजून येतात का, फोन रूट किंवा जेलब्रेक करून त्याची मूळ सुरक्षा बंधनं तोडलेली नाहीत ना, आणि साठवलेली माहिती एन्क्रिप्ट होते का, म्हणजे लॉक उघडल्याशिवाय कुणाला वाचता येणार नाही अशा रूपात राहते का. अलीकडच्या फोनमध्ये स्क्रीन लॉक लावला की एन्क्रिप्शन आपोआप चालू असतं, त्यामुळे शेवटची अट बहुतेकांची आधीच पूर्ण झालेली आहे.

सहा आकड्यांचा आग्रह का, हे एकाने विचारलं. चार आकड्यांच्या दहा हजार जोड्या होतात, सहा आकड्यांच्या दहा लाख. अर्थात १२३४५६ किंवा जन्मतारीख ठेवली तर त्या दहा लाखांचा काही उपयोग नाही. पॅटर्न नको. काचेवर उमटलेल्या बोटाच्या रेघेवरून तो ओळखता येतो आणि शेजारी बसलेल्या माणसाच्याही तो चटकन लक्षात राहतो.

जुन्या फोनला अपडेट येणं थांबलं असेल तर तो मान्य होणार नाही. अशांनी मला भेटा. कामासाठी वेगळा फोन द्यायचा की बाहेरून मेल बघण्याची गरजच नाही, हे आपण बसून ठरवू. कुणालाही स्वतःच्या खर्चाने नवा फोन घ्यायला लागणार नाही.

माझ्या स्वतःच्या फोनवर हे बसवलं तर तुम्हाला माझे फोटो, मेसेज, कॉल दिसतील का?

नाही. ही शंका सगळ्यात जास्त जणांनी काढली आणि ती काढायलाच हवी होती, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अँड्रॉइड फोनवर आपण 'वर्क प्रोफाइल' बसवतो. त्याने फोनमध्ये कामाचा वेगळा कप्पा तयार होतो. त्यातल्या ॲपच्या चिन्हावर छोट्या बॅगेची खूण दिसते. कंपनीचा मेल, फाइली, कामाचे संपर्क त्या कप्प्यात. तुमचे फोटो, व्हॉट्सॲप, बँकेची ॲप, तुमचं गूगल खातं त्याच्या बाहेर. आम्हाला फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, लॉक नियमाप्रमाणे आहे की नाही आणि कामाच्या कप्प्यात कोणती ॲप आहेत एवढंच दिसतं. वैयक्तिक बाजूला तुम्ही कोणती ॲप ठेवली आहेत, हेसुद्धा दिसत नाही. आम्ही लांबून पुसतो तो फक्त हा कामाचा कप्पा. बाकीच्या फोनला धक्का लागत नाही.

तुमच्या स्वतःच्या आयफोनवर आपण ज्या पद्धतीने नोंदणी करतो त्यातही कंपनीची माहिती वेगळ्या भागात ठेवली जाते आणि आम्हाला तेवढाच भाग काढता येतो. पूर्ण फोन पुसण्याचा अधिकार त्या पद्धतीत आम्हाला मिळतच नाही.

यातून एक गोष्ट तुमच्या अंगावर येते, ती मात्र लक्षात घ्या. तुमचा फोन कुठे आहे हे आम्ही बघू शकत नाही. तो नकाशावर शोधणं, त्याला आवाज करायला लावणं किंवा पूर्ण पुसून टाकणं हे फक्त तुमच्या स्वतःच्या गूगल किंवा ॲपल खात्यातूनच होतं. म्हणून त्या खात्याचा पासवर्ड फोन हातात नसतानाही आठवला पाहिजे.

कंपनीने दिलेल्या फोनचं वेगळं आहे. तो पूर्ण आम्ही पुसू शकतो आणि गरज पडली तर पुसू. त्यात मुलांचे फोटो साठवू नका.

घरच्या कॉम्प्युटरवर एकदाच मेल उघडला तर काय बिघडतं?

तो 'एकदाच' तिथून जात नाही. ब्राउझर पासवर्ड जतन करू का म्हणून विचारतो आणि घाईत हो म्हटलं जातं. तो ब्राउझर घरातल्या दुसऱ्या कुणाच्या खात्याला जोडलेला असेल, तर आपला पासवर्ड त्या खात्यातून त्यांच्या इतर उपकरणांवरही पोचतो. उघडलेली जोडफाइल डाउनलोडच्या फोल्डरमध्ये तशीच राहते. खिडकी बंद केली तरी लॉगिन बंद होत नाही, पुढच्या वेळी मेल थेट उघडतो. शिवाय त्या कॉम्प्युटरवर फुकटचे गेम, अनोळखी एक्स्टेन्शन काय काय बसवलंय याची तुम्हालाही पूर्ण कल्पना नसते.

पासवर्ड आणि कोड दोन्ही बरोबर असले तरी नोंद नसलेल्या उपकरणावर आता खातं उघडणार नाही. 'या उपकरणावरून प्रवेश नाही' अशा अर्थाचा संदेश येईल. तो आला तर दुसरी वाट शोधत बसू नका, मला कळवा. फाइल स्वतःच्या वैयक्तिक मेलवर पाठवून घरी उघडणं हीसुद्धा दुसरी वाटच झाली.

बाहेरचं वायफाय वापरलं तर चालेल का?

मान्य उपकरण असेल तर मेल बघायला हरकत नाही, कारण मेल आणि फाइलींची वाहतूक एन्क्रिप्ट असते. ऑफिसमधल्या सर्व्हरवरच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी आधी व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतची सुरक्षित वाट, जोडा, त्याशिवाय ते उघडणारच नाही. ब्राउझरने प्रमाणपत्राबद्दल इशारा दिला तर 'तरीही पुढे जा' दाबू नका. वायफाय सोडा आणि मोबाइल डेटा चालू करा.

फोन हरवला, आता पहिलं काय करू?

आधी आम्हाला फोन करा. शोधाशोध, पोलिसात तक्रार, सिम बंद करणं हे सगळं त्यानंतर.

त्यासाठी मेलच्या तळाशी एक आपत्कालीन नंबर दिला आहे. तो माझ्याकडे किंवा आपले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या सहकाऱ्याकडे लागतो, दोघांपैकी एक जण नक्की उचलतो. हा नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवा. फोनमध्ये जतन केलेला नंबर फोनसोबतच जातो आणि नेमक्या त्या वेळी कुणाचाच नंबर पाठ नसतो. मेल किंवा व्हॉट्सॲपवर कळवू नका. आम्ही तो मेसेज कधी बघू, सांगता येत नाही.

फोनवर आम्ही तीनच गोष्टी विचारू: शेवटचा हातात कधी होता, हरवला की हिसकावला, आणि त्या वेळी लॉक होता की उघडा. अंदाजे सांगितलं तरी चालेल. तुमच्याशी बोलत असतानाच आमचं काम सुरू झालेलं असेल.

आमच्याशी बोलणं झालं की दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून तुमचं स्वतःचं खातं उघडा. आयफोन असेल तर icloud.com/find, अँड्रॉइड असेल तर google.com/android/find. आयफोनसाठी या पानावर शिरायला दुसऱ्या पायरीचा कोड लागत नाही, कारण तो कोड ज्या फोनवर येणार तोच हरवलेला असतो हे ॲपलने गृहीत धरलंय. तिथून फोन हरवल्याची खूण करा. त्याने फोन लॉक होतो आणि पडद्यावर तुमचा संपर्क दाखवता येतो. तो संपर्क म्हणून घरच्या कुणाचा तरी नंबर द्या.

अँड्रॉइडसाठी android.com/lock असं आणखी एक पान आहे. तिथे पासवर्डही लागत नाही, फोन नंबर टाकला की स्क्रीन लॉक होते. पण ती सोय आधीच चालू करून ठेवावी लागते आणि लॉक होण्यासाठी फोन नेटवर असावा लागतो. सेटिंगमध्ये Theft protection शोधा, त्यात Remote lock मिळेल. आजच चालू करा.

खरंच हरवलाय का तेच नक्की नाही. थोडं शोधून मग सांगितलं तर?

पंधरा मिनिटं. घरी विसरला असेल, मीटिंगच्या टेबलावर राहिला असेल, एखाद्याच्या फोनवरून रिंग देऊन बघा. पंधरा मिनिटांत फोन हातात आला नाही तर कळवा. हिसकावून नेला असेल किंवा रिंग दिल्यावर कुणी कट करत असेल, तर ती पंधरा मिनिटंही नकोत.

कळवल्यानंतर फोन सोफ्याखाली सापडला तर काय बिघडतं? तुम्हाला सगळीकडे पुन्हा लॉगिन करावं लागतं आणि आमचा अर्धा तास जातो. तेवढी किंमत मला पूर्ण मान्य आहे. खोटा इशारा दिला म्हणून कुणी कुणाची चेष्टा करायची नाही, हेही इथेच सांगून ठेवतो. चेष्टा झाली की पुढच्या वेळी माणूस तासभर गप्प बसतो.

फोनला लॉक आहे. मग एवढी घाई कशाला?

लॉक असला की वेळ मिळतो. तो किती मिळेल हे मात्र फोन कसा गेला यावर ठरतं. हातातून हिसकावलेला फोन बहुतेक वेळा उघडाच असतो. गर्दीत शेजाऱ्याने तुमचा पिन टाकताना पाहिलेला असू शकतो, आणि काही चोर आधी पिन बघून मगच फोन उचलतात. आयफोनवर आयओएस १७.३ पासून Stolen Device Protection नावाची सोय आहे, ती याच चोरीसाठी. ती चालू असेल तर नेहमीच्या जागेपासून दूर असताना नुसत्या पिनवर ॲपल खात्याचा पासवर्ड बदलता येत नाही. चेहरा किंवा बोट लागतं, वर तासभर थांबावंही लागतं. ज्यांच्याकडे आयफोन आहे त्यांनी ती चालू आहे का ते तपासा.

दोन जागा अशा आहेत जिथे लॉक उपयोगी पडत नाही. एक म्हणजे बंद पडद्यावर दिसणाऱ्या सूचना: एसएमएसवर आलेला कोड पडद्यावरच वाचता येत असेल तर फोन उघडायची गरजच उरत नाही. सूचनांचा मजकूर लॉक असताना दिसू देऊ नका. दुसरी जागा म्हणजे सिम. ते काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं की तुमचे एसएमएस तिकडे जातात, फोनचं लॉक कितीही पक्कं असलं तरी. यावर सिमचा पिन हा उपाय आहे. तो लावल्यावर सिम नव्या फोनमध्ये घातलं की पिन मागतं आणि तीनदा चुकला तर अडकून पडतं. मग ते सोडवायला सिम कंपनीकडून पीयूके नावाचा कोड घ्यावा लागतो. तो दहा वेळा चुकला तर सिम कायमचं बाद होतं, त्यामुळे पिन लावण्याआधी सिमवर मुळात कोणता पिन आहे ते सिम कंपनीकडून विचारून घ्या. अंदाजाने आकडे टाकत बसू नका.

कळवल्यावर तुम्ही नेमकं काय करता?

यात दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांतला फरक कळला की नियमांमागचं कारण आपोआप कळेल.

पहिलं काम प्रवेश तोडण्याचं. तुमचा फोन मेलच्या सर्व्हरशी बोलतो तो एका चालू लॉगिनच्या जोरावर. ते लॉगिन आम्ही सर्व्हरच्या बाजूने रद्द करतो. त्यासाठी फोन नेटवर असण्याची गरज नाही. तो बंद असो, विमान मोडवर असो, खाडीत पडलेला असो, प्रवेश तुटतो. काही सेवांमध्ये आधीच दिलेली परवानगी साधारण तासभर चालू राहू शकते, म्हणून आम्हाला प्रत्येक मिनिट लवकर हवं असतं.

दुसरं काम फोनमध्ये आधीच उतरलेली माहिती पुसण्याचं: गेल्या काही दिवसांचे मेल, उघडलेल्या फाइली, कामाचे संपर्क. पुसण्याचा आदेश फोनपर्यंत पोचला तरच तो अमलात येतो. फोन नेटवर नसेल तर आदेश सर्व्हरवर वाट बघत राहतो आणि फोन पुन्हा नेटला जोडला गेला की लागू होतो. तो कधीच जोडला गेला नाही तर पुसलं जाणार नाही. अशा वेळी एन्क्रिप्शन आणि लॉकवरच भिस्त असते. शिवाय आपण अशी सेटिंग ठेवली आहे की १२ तास सर्व्हरशी संपर्क झाला नाही तर कामाची ॲप उघडतच नाहीत.

एक प्रसंग कल्पनेने बघू. विक्री विभागातल्या एका सहकाऱ्याचा फोन संध्याकाळी ७:१० ला गाडीतून उतरताना सीटवर राहिला. ७:२० ला खिसा चाचपल्यावर लक्षात आलं. सोबतच्या माणसाच्या फोनवरून दोनदा रिंग दिली, कुणी उचललं नाही. ७:३० ला आपत्कालीन नंबरवर फोन आला. ७:३४ ला त्यांच्या खात्याची सगळी चालू लॉगिन रद्द झाली आणि पासवर्ड बदलला गेला. ७:३६ ला कामाचा कप्पा पुसण्याचा आदेश गेला, फोन चालू असल्यामुळे दोनच मिनिटांत 'पूर्ण' अशी नोंद आली. ७:४० ला सहकाऱ्याने स्वतःच्या खात्यातून फोन हरवल्याची खूण केली, ७:५० ला सिम बंद करवलं. मग आम्ही लॉगिनच्या नोंदी पाहिल्या: शेवटची नोंद ७:०८ ची, त्यांच्याच फोनवरची, त्यानंतर काही नाही. मेलबॉक्समध्ये नवा नियम तयार झालेला नाही, आपोआप पुढे पाठवणं चालू केलेलं नाही. इथे आतलं काही बाहेर गेल्याची एकही खूण आम्हाला दिसत नाही.

आता तोच फोन, पण तो उचलणाऱ्याने आधी पिन पाहिलेला होता, आणि सहकाऱ्याने 'उद्या ऑफिसला गेल्यावर सांगू' असं ठरवलं. कामाच्या कप्प्याला त्यांनी तोच पिन ठेवला होता. रात्री ९:४० ला मेल उघडला जातो. चोर काही पुसत नाही, काही पाठवतही नाही. तो 'बिल' आणि 'पेमेंट' शब्द शोधतो, एका ग्राहकाशी चाललेला पत्रव्यवहार वाचतो आणि मेलबॉक्समध्ये एक नियम घालतो: त्या ग्राहकाकडून आलेला प्रत्येक मेल बाहेरच्या एका पत्त्यावर पाठवायचा आणि इथून दुसऱ्या फोल्डरमध्ये सरकवायचा. सकाळी दहाला आम्हाला कळतं. आम्ही पासवर्ड बदलतो, लॉगिन तोडतो. तो नियम मात्र सर्व्हरवर बसलेला आहे आणि पासवर्ड बदलल्याने जात नाही. तो शोधून काढला नाही तर पुढच्या आठवड्यात त्या ग्राहकाला आपल्या नावासारख्या दिसणाऱ्या पत्त्यावरून 'आमचं बँक खातं बदललं आहे' असा मेल जातो, आणि त्यात खऱ्या बिलाचा खरा क्रमांक असतो. ग्राहकाचे पैसे भलत्याच खात्यात जातात. कळवायला उशीर झाला की आम्हाला फोन सोडून आधी हे नियम का शोधावे लागतात, ते यावरून लक्षात येईल.

म्हणून कामाच्या कप्प्याला फोनपेक्षा वेगळा पिन ठेवा. दोन्हीकडे एकच असेल तर त्या दुसऱ्या पिनने काहीच अडत नाही.

मी स्वतःच पासवर्ड बदलला तर पुरेसं नाही का?

नाही. काही सेवा पासवर्ड बदलल्यावर जुनी लॉगिन तोडतात, काही तोडत नाहीत, आणि काही तुम्हाला विचारतात. शिवाय वर सांगितलेला मेलचा नियम तसाच राहतो. बदललात तरी हरकत नाही, पण आम्हाला कळवणं त्याने टळत नाही.

सिम लगेच बंद करू का?

इथे दोन्हीकडून ओढाताण आहे. सिम चालू असेपर्यंत फोन नेटवर राहतो, म्हणजे पुसण्याचा आदेश पोचू शकतो आणि फोन नकाशावर दिसतो. पण सिम चालू असेपर्यंत बँकेचे कोडही त्याच्यावरच येतात.

माझं मत असं: फोन नुसता राहिला असेल आणि लॉक असेल, तर आमचा आदेश पोचेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबा. आम्ही 'झालं' म्हटलं की सिम बंद करा. हिसकावला असेल, उघडा असेल किंवा पिन पाहिल्याची शंका असेल, तर थांबू नका. आमच्याशी बोलून झाल्याबरोबर सिम आणि बँकेची ॲप बंद करा. तुमच्या खात्यातले पैसे कंपनीच्या मेलइतकेच महत्त्वाचे आहेत.

पोलिसात तक्रार करताना काय लागेल?

फोनचा आयएमईआय क्रमांक. तो १५ आकडी असतो आणि फोनच्या डायलवर `*#06#` टाकलं की दिसतो. दोन सिमच्या फोनला दोन क्रमांक असतात, दोन्ही लिहून घ्या. स्वतःच्या अँड्रॉइड फोनवर वर्क प्रोफाइल असेल तर नव्या आवृत्त्यांमध्ये हा क्रमांक आम्हाला दिसत नाही, त्यामुळे आमच्याकडे मिळेल या भरवशावर राहू नका. आपत्कालीन नंबरच्याच कागदावर लिहून ठेवा.

'तुमचा फोन सापडला आहे, इथे लॉगिन करा' असा मेसेज आला तर?

लिंक उघडू नका. चोरलेला आयफोन तुमच्या ॲपल खात्याला बांधलेला असतो आणि ते बंधन सुटल्याशिवाय दुसऱ्याला तो वापरता येत नाही. ते सोडवायला तुमचा पासवर्ड लागतो, म्हणून हुबेहूब ॲपलसारखा दिसणारा मेसेज त्या संपर्क नंबरवर येतो, कधी काही दिवसांनी, माणूस फोनची आशा सोडून बसलेला असताना. घरच्या ज्या व्यक्तीचा नंबर तुम्ही पडद्यावर दिलात, तिलाही हे सांगून ठेवा. फोन खरंच सापडला असेल तर icloud.com/find स्वतः टाइप करून उघडल्यावर नकाशावर दिसेल.

याच कारणासाठी हरवलेला आयफोन तुमच्या खात्याच्या यादीतून काढून टाकू नका. पुसा, पण यादीत राहू द्या. यादीतून काढलात की ते बंधन सुटतं. अँड्रॉइड फोन पूर्ण पुसल्यावर मात्र तो नकाशावर दिसणं थांबतं, म्हणून तो परत मिळण्याची आशा कितपत आहे हे ठरवूनच पुसा. त्यातलं मेमरी कार्ड लांबून पुसलं जाईलच असं नाही.

ऑथेंटिकेटर ॲप त्याच फोनवर होतं. मग मी लॉगिन कसं करू?

नोंदणीच्या वेळी तुम्हाला राखीव कोड दिले जातील, छापून घरी ठेवा. एक कोड एकदाच चालतो. ते नसतील तर नवं ऑथेंटिकेटर आम्ही जोडून देऊ, पण आधी तुम्हाला ओळखल्याशिवाय नाही. 'मी अमुक बोलतोय, फोन हरवलाय, माझं लॉगिन नव्या फोनवर करून द्या' असा फोन करून आत शिरणं ही फसवणुकीची जुनी पद्धत आहे. म्हणून खातं बंद करायला आम्ही कुणाचाही फोन ऐकू, पण पुन्हा चालू करताना तुम्ही समोर असायला हवं, किंवा व्हिडिओ कॉलवर तुम्हाला ओळखणारा दुसरा सहकारी सोबत हवा. तुम्ही कितीही घाईत असलात आणि कितीही जुने असलात तरी. माझ्या नावाने असा फोन आला, तरीही हाच नियम पाळायचा.

फोन परत मिळाला. वापरायला सुरुवात करू?

तुमची वैयक्तिक बाजू तुमच्या मर्जीने. कंपनीचं खातं मात्र जोडू नका, आधी ऑफिसला आणा. फोन किती वेळ आणि कुणाच्या हातात होता यावरून आम्ही ठरवू. कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये बंद पडून होता तर नव्याने नोंद करून देऊ. अनोळखी हातात उघडा होता तर फॅक्टरी रीसेट करून मगच जोडू, कारण त्यात नजर ठेवणारं एखादं ॲप बसवलं असेल तर वरवर बघून ते कळत नाही.

फोन दुरुस्तीला द्यायचाय किंवा विकायचाय. कळवायला हवं का?

हो, देण्याच्या आदल्या दिवशी. कामाचा कप्पा काढायला पाच मिनिटं लागतात. दुरुस्तीवाल्याने पिन मागितला तर कप्पा काढलेला असेल तरच द्या, आणि फोन परत आल्यावर पिन बदला.

लॅपटॉपलाही हेच सगळं लागू आहे का?

हो, नंबर तोच आणि घाईही तीच. एकच भर: प्रवासात लॅपटॉप नुसतं झाकण लावून बॅगेत ठेवू नका, पूर्ण बंद करा. झोपेत असलेल्या लॅपटॉपच्या मेमरीत डिस्क उघडण्याची किल्ली असते, बंद केलेल्यात ती राहत नाही.

फोन हरवला तर माझ्यावर कारवाई होईल का? पैसे कापले जातील का?

फोन हरवल्याबद्दल कारवाई नाही आणि पगारातून एक पैसाही कापला जाणार नाही, कंपनीचा फोन असला तरी. मध्यरात्री कळवलंत तरी कुणी रागावणार नाही. उशिरा कळवलंत तरी कळवा. त्या वेळी मला तुमचं कारण ऐकायचं नसेल, फोन शेवटचा कधी हातात होता एवढंच हवं असेल.

माहीत असूनही लपवलं, किंवा नोंद नसलेल्या उपकरणावर मुद्दाम काम केलं, तर मात्र आपल्याला बसून बोलावं लागेल. पहिल्यांदा बोलणं, पुन्हा झालं तर बाहेरून काम करण्याची परवानगी काढून घेणं.

मला नेमकं कधीपर्यंत काय करायचंय?

या शुक्रवारपर्यंत फोन घेऊन कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या सहकाऱ्याकडे जा, नोंदणीला साधारण वीस मिनिटं लागतात. तेव्हाच राखीव कोड मिळतील. येताना स्वतःच्या गूगल किंवा ॲपल खात्याचा पासवर्ड आठवतोय का ते एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर तपासून या, त्यावर अडलेल्यांना थांबावं लागतंय. सोमवारपासून नोंद नसलेल्या उपकरणांवर मेल उघडणार नाही. सुट्टीवर असलेल्यांसाठी मी वेगळी वेळ ठेवली आहे, त्यांनी परत आल्यावर आधी मला फोन करावा.